साक्षीदाराचा चेहरा बदलताना : कोणता लॉस काय सांभाळतो

ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात, करणी केल्याच्या संशयावरून वृद्धांना आणि महिलांना खांबाला बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून आहे, गुन्हे दाखल होतात, खटले चालतात. पण मार खाल्लेली माणसं आणि तो पाहणारी माणसं यानंतरही त्याच गावात, त्याच हातपंपावर पाणी भरत राहतात. गडचिरोलीत आणखी एक भीती असते. पोलिसांचा खबरी ठरवून माओवाद्यांनी गावकऱ्यांना मारल्याच्या घटना एटापल्ली, भामरागड, धानोरा भागात वर्षानुवर्षं घडल्या आहेत. अशा भागात माहितीपट करणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झालेलं माणूस एकच अट घालतं : माझं तोंड दिसायला नको.

ही अट आजवर आपण चेहरा धूसर करून किंवा पाठमोरं चित्रण करून पाळत आलो. त्यात माणसाचं बोलणं उरतं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं जातं. शिवाय हलका मोझॅक सुरक्षितही नसतो; चौकोनांनी झाकलेले चेहरे संगणकाला ओळखायला शिकवता येतं, हे २०१६ मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं आहे. २०२० साली डेव्हिड फ्रान्स यांच्या ‘वेलकम टू चेचन्या’ या माहितीपटाने दुसरा मार्ग घेतला. चेचन्यातून पळून आलेल्या समलिंगी लोकांचे चेहरे त्यात स्वयंसेवकांच्या चेहऱ्यांनी बदलले होते. हसू, थरथर, रडू साक्षीदाराचं. नाक-डोळे-जिवणी दुसऱ्या कुणाची, आणि तीही त्या व्यक्तीच्या संमतीने. चेहऱ्याच्या कडा किंचित मऊ ठेवल्या होत्या, म्हणजे हा चेहरा खरा नाही हे प्रेक्षकाला कळावं.

असं काम आज एखादी छोटी संस्था किंवा पत्रकारितेच्या विभागातले विद्यार्थीही करू शकतात. साधनं खुली आहेत. पण ही साधनं ज्या उद्देशाने घडली त्यात ‘मूळ माणूस ओळखू येता कामा नये’ ही अट नव्हती. चित्र चांगलं दिसावं आणि चेहरा दुसऱ्याचा वाटावा, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. साक्षीदाराच्या बाबतीत ते अपुरं आहे, आणि ते अपुरेपण नेमकं कुठे आहे हे कळायचं तर मॉडेलला शिकवताना वापरलेले लॉस समजून घ्यावे लागतात.

लॉस म्हणजे चूक मोजणारा आकडा. मॉडेल एक चित्र तयार करतं, ते किती चुकलं याचा आकडा काढला जातो, आणि तो आकडा कमी होईल अशा दिशेने मॉडेल आतून थोडं बदलतं. हेच लाखो वेळा चालतं. चेहरा बदलण्यात चूक एकाच प्रकारची नसते, म्हणून अनेक आकडे काढून, प्रत्येकाला एक गुणक लावून त्यांची बेरीज करतात :

```
L = a*L_id + b*L_rec + c*L_perc + L_adv
```

यातला शेवटचा `L_adv` चित्र खऱ्या छायाचित्रासारखं दिसतं का, एवढं पाहतो. त्यासाठी दुसरं एक जाळं खरं-खोटं ओळखायला शिकत असतं. त्याच्याबद्दल इथे अधिक बोलत नाही. साक्षीदाराची सुरक्षितता पहिल्या तिघांच्या ओढाताणीत ठरते. पुढे मी जिचं बोलणं आणि हावभाव राहणार तिला साक्षीदार म्हणतो, आणि जिचा चेहरा वापरायचा तिला दाती.

ओळखीचा लॉस

`L_id` मोजण्यासाठी चेहरे ओळखणारं एक तयार जाळं वापरतात. बहुतेक ठिकाणी ते आर्कफेस असतं. ते ११२ × ११२ पिक्सेलचा सरळ केलेला चेहरा घेतं आणि ५१२ आकड्यांची एक ओळ देतं. तिला एम्बेडिंग म्हणतात. एकाच माणसाच्या दोन फोटोंच्या ओळी एकाच दिशेला झुकलेल्या असतात, परक्या माणसांच्या नसतात. दोन ओळींमधल्या कोनाचा कोसाइन १ च्या जवळ गेला तर माणूस तोच. परक्या दोघांत तो साधारण शून्याच्या आसपास राहतो. तयार झालेलं चित्र आणि दातीचा फोटो यांच्यातला कोसाइन १ मधून वजा केला, की ओळखीचा लॉस मिळतो.

```python
e_out = F.normalize(arcface(out), dim=1)
e_src = F.normalize(arcface(src), dim=1)
loss_id = (1 - (e_out * e_src).sum(1)).mean()
```

हा लॉस डोळ्यांमधलं अंतर, नाकाचा घाट, भुवया, जिवणीची ठेवण अशा गोष्टी दातीकडे ओढतो. केस, कान, गळा यांच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही, आणि ११२ पिक्सेलमध्ये न मावणारा बारकावा तर त्याला दिसतच नाही. गालावरचा बारीक तीळ तिथे एखाद्या पिक्सेलचाही नसतो.

त्याचा गुणक वाढवला की ओळख पटकन बदलते, आणि मग वेगळीच अडचण सुरू होते. दातीच्या फोटोत तोंड मिटलेलं असेल तर साक्षीदार बोलत असतानाही ओठ पूर्ण उघडेनासे होतात. दातीचं तोंड उघडं असेल तर ते मिटेनासे होतात. कारण आर्कफेस ओळख आणि हावभाव यांची स्वच्छ फारकत करत नाही. थोडा हावभावही त्या ५१२ आकड्यांत मिसळलेला असतो. मराठी मुलाखतीत हे तपासायची सोपी जागा म्हणजे प, ब, भ, म ही अक्षरं. तिथे ओठ पूर्ण मिटायलाच हवेत. आवाज बंद करून पाहा. ‘माझी माय’ म्हणताना ओठांत फट दिसली, तर ओळखीचा लॉस हावभावावर चढलेला आहे.

दुसरी अडचण अधिक धोक्याची, कारण ती दिसत नाही. मॉडेलला आर्कफेसचा आकडा कमी करायचा असतो, माणूस बदलणं हे त्याचं ध्येय नसतं. डोळ्यांच्या कडेला, नाकाच्या पाळीशी सूक्ष्म रेषा उमटवून ते आर्कफेसला खूश करायला शिकतं. आकडा सांगतो ओळख बदलली. शेजारीण पाहते आणि म्हणते, ही तर आपलीच. म्हणून ज्या जाळ्यावर शिकवलं त्याच जाळ्यावर तपासणी कधीच करू नका. आर्कफेसवर शिकवलं असेल तर तपासायला वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या फोटोंवर तयार झालेलं ओळखजाळं घ्या.

पुनर्रचनेचा लॉस

`L_rec` दिसायला सगळ्यात साधा आहे. तयार झालेलं चित्र आणि मूळ फ्रेम यांच्यातला पिक्सेलागणिक फरक काढायचा आणि त्याची सरासरी घ्यायची. पण ‘मूळ फ्रेम’ म्हणजे काय, इथेच घोळ होतो. दाती आणि साक्षीदार वेगवेगळ्या असतील तर बरोबर उत्तर अस्तित्वातच नसतं. त्या चेहऱ्याने ते वाक्य त्या झाडाखाली कधी उच्चारलेलंच नाही. बरोबर उत्तर फक्त एकाच स्थितीत ठाऊक असतं : दोन्हीकडे एकच माणूस असेल तेव्हा. तिथे चेहरा बदलूनही चित्र जसंच्या तसं यायला हवं. म्हणून हा लॉस फक्त अशा ‘सारख्या जोड्यां’वर लावतात. फेसशिफ्टर आणि सिमस्वॅप या दोन्ही प्रसिद्ध पद्धतींत हेच केलं आहे; सिमस्वॅपमध्ये सारख्या माणसांची तुकडी आणि वेगळ्या माणसांची तुकडी आलटून पालटून येतात.

```python
same = (src_id == tgt_id).float()
diff = (out - tgt).abs().mean(dim=(1, 2, 3))
loss_rec = (same * diff).sum() / same.sum().clamp(min=1)
```

इथला `same` चुकून गळला, किंवा फाइलींच्या नावांत गडबड होऊन वेगळी माणसं एकाच क्रमांकाखाली गेली, तर काय होईल? मॉडेलला कळतं, की साक्षीदाराची फ्रेम तशीच परत दिली की शिक्षा सगळ्यात कमी. एकूण लॉस सुरेख खाली येतो, चित्र अतिशय स्वच्छ दिसतं, प्रकाश अचूक जुळतो. फक्त चेहरा बदललेला नसतो, किंवा जेमतेम बदललेला असतो. हे ओळखण्याची खूण अशी : `L_rec` घसरत जातो आणि `L_id` एका पातळीवर अडकून बसतो. म्हणून एकूण बेरजेच्या आलेखावर विसंबू नका. प्रत्येक लॉसची रेघ वेगळी काढा.

हा लॉस सांभाळतो ते प्रकाश, त्वचेचा रंग, मानेचा कल आणि पार्श्वभूमी. मोहाच्या झाडाखाली बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर पानांतून पडलेले उन्हाचे ठिपके हलत असतात. ते ठिपके नव्या चेहऱ्यावरही तसेच सरकले नाहीत, तर चित्र खोटं वाटतं. ते काम याचं. त्याची मर्यादा अशी, की जिथे अनेक उत्तरं शक्य असतात तिथे तो मधलं उत्तर निवडतो. दात किंचित इकडे की तिकडे हे नक्की नसेल तर तो सगळ्या शक्यता मिसळतो, आणि दातांऐवजी एक पांढरी पट्टी येते. पापण्यांचंही तेच. ही पट्टी दिसली की लोक `b` वाढवतात, आणि पट्टी आणखी गुळगुळीत होते. इलाज दुसरीकडे आहे.

आकलनाचा लॉस

`L_perc` म्हणजे ज्याला सगळे परसेप्च्युअल लॉस म्हणतात तो. २०१६ मध्ये जस्टिन जॉन्सन आणि सहकाऱ्यांच्या निबंधामुळे तो रूढ झाला. पिक्सेल सरळ न ताडता दोन्ही चित्रं व्हीजीजीसारख्या, लाखो छायाचित्रांवर शिकलेल्या जाळ्यातून नेतात आणि त्याच्या आतल्या थरांत उमटलेली रूपं ताडतात. वरवरच्या थरांत कडा, पोत, सुरकुत्या, दातांमधल्या रेषा असतात. खोल थरांत तोंड उघडं आहे, मान डावीकडे वळली आहे असा ढोबळ आशय असतो. दात अर्धा पिक्सेल सरकला तर पिक्सेलच्या लॉसला तो मोठा फरक वाटतो, याला वाटत नाही. म्हणून याच्यामुळे दात दातांसारखे आणि पापण्या पापण्यांसारख्या दिसतात.

आपल्या कामात सगळ्यात जास्त गळती इथून होते, आणि मार्गदर्शक पुस्तिकांत त्याबद्दल क्वचितच लिहिलेलं असतं. प्रश्न असा, की नवं चित्र कशाशी ताडायचं? साक्षीदाराच्या फ्रेमशी ताडलं तर हावभाव आणि प्रकाश छान टिकतात. पण वरवरचे थर सोबत तिचा पोतही घेऊन येतात. गालावरचा व्रण, नाकाच्या शेंड्याचा तीळ, डोळ्यांखालच्या सुरकुत्यांची नेमकी जाळी हे सगळं दातीच्या चेहऱ्यावर हलक्या रंगाने पुन्हा उगवतं. ओळखीच्या लॉसला हा बारकावा दिसत नाही, म्हणून तो त्याला अडवतही नाही. दोघांच्या मधल्या या फटीतून साक्षीदार ओळखली जाते.

गोंदणाचं उदाहरण घ्या. आपल्याकडच्या वयस्क बायांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतं. ते ठळक, गडद आणि कडा असलेलं असल्याने वरवरच्या थरांत जोरात उमटतं. आकलनाचा लॉस ते प्राणपणाने जपतो, पिक्सेलचा लॉसही जपतो, आणि आर्कफेसला त्याचं फारसं महत्त्व नसतं. नवा चेहरा पूर्ण परका आणि त्यावर गोंदण मात्र हुबेहूब तेच, असं चित्र तयार होतं. गावात ओळख पटायला तेवढं पुरेसं आहे.

यावर सिमस्वॅपने वेगळ्या कारणाने शोधलेला एक उपाय आपल्या कामी येतो. त्यात हावभाव टिकवण्यासाठी खरं-खोटं ओळखणाऱ्या जाळ्याचे फक्त शेवटचे, खोल थर ताडतात आणि वरवरचे सोडून देतात, म्हणजे साक्षीदाराचा ढोबळ आशय येतो पण तिचा पोत येत नाही. हीच शिस्त व्हीजीजीच्या थरांना लावा. वरवरचे थर फक्त सारख्या जोड्यांवर ताडायचे, तिथे बरोबर उत्तर ठाऊक असतं आणि कुणाची ओळख गळत नाही. वेगळ्या जोड्यांवर फक्त खोल थर.

साक्षीदारासाठी जोडायचा चौथा आकडा

नेहमीच्या तिन्ही लॉसमध्ये एक गोष्ट कुठेही सांगितलेली नाही : नवा चेहरा साक्षीदारापासून दूर असावा. ओळखीचा लॉस फक्त दातीच्या जवळ जायला सांगतो. दातीशी बऱ्यापैकी आणि साक्षीदाराशीही थोडा जुळणारा चेहरा त्याला चालतो. मनोरंजनासाठी केलेल्या चित्रफितीत त्याने काही बिघडत नाही. इथे बिघडतं. म्हणून वेगळ्या जोड्यांवर दूर ढकलणारा एक आकडा जोडावा :

```python
e_tgt = F.normalize(arcface(tgt), dim=1)
cos_t = (e_out * e_tgt).sum(1)
leak = ((1 - same) * F.relu(cos_t - m)).sum()
loss_leak = leak / (1 - same).sum().clamp(min=1)
```

`m` ही सीमा. साक्षीदाराशी साम्य त्याच्या खाली गेलं की लॉस शून्य होतो आणि मॉडेलला आणखी ढकलत नाही. `m` म्हणून उणे आकडा घेऊ नका. साक्षीदाराच्या ‘अगदी उलट’ चेहरा हीसुद्धा तिच्याबद्दलची माहितीच असते, आणि चित्रही विचित्र होतं. आपल्याला हवं आहे ते एवढंच, की नवा चेहरा तिच्यासाठी कुठल्याही परक्या माणसाइतका परका असावा.

परकेपणाचा हा आकडा इंटरनेटवरून उचलू नका. ओळखजाळी मुख्यतः जगभरातल्या प्रसिद्ध व्यक्तींच्या, वेबवरून गोळा केलेल्या फोटोंवर शिकलेली आहेत. माडिया, गोंड, कोलाम चेहरे त्यांनी फार थोडे पाहिले असणार, आणि जे चेहरे जाळ्याने कमी पाहिलेले असतात त्यांच्यातला फरक त्याला नीट करता येत नाही. दोन परक्या बायकांमधला कोसाइन इथे शून्याच्या बराच वर असू शकतो. म्हणून त्याच तालुक्यांतल्या, त्याच वयोगटातल्या, संमती दिलेल्या पन्नासेक स्वयंसेवकांचे फोटो घ्या. पन्नास माणसांत १,२२५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा कोसाइन काढा, आकडे क्रमाने लावा आणि मधला आकडा पाहा. तो तुमचा `m`. हे काम दोन दिवसांचं आहे आणि त्याला दुसरा पर्याय नाही.

एक मुलाखत धरून चालू

समजा, जिवती तालुक्यातल्या एका साठीच्या बाईची ४० मिनिटांची मुलाखत आहे. झाडाखालचा हलता उजेड, कपाळावर गोंदण, नाकात चमकी, डोक्यावर पदर. दाती दूरच्या शहरातली, वयाने आणि रंगाने जवळची. दाती निवडताना एक काळजी इथे विशेष घ्यावी लागते. अभिनेते हवेत म्हटलं की वडशाकडे पाहावंसं वाटतं, कारण झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र तिथेच आहे. पण झाडीपट्टीतल्या नटीचा चेहरा चारही जिल्ह्यांत ओळखीचा असतो. पाहणाऱ्यांना ती बोलते आहे असं वाटेल, आणि साक्षीदाराचा धोका तिच्या दारात जाईल. दाती त्या भागात अनोळखीच हवी, आणि तिला विषय पूर्ण सांगितलेला हवा.

आधीच शिकलेलं सिमस्वॅपच्या धर्तीचं मॉडेल घेऊन ते स्वयंसेवकांच्या आणि दातीच्या फोटोंवर आणखी शिकवायचं. साक्षीदाराची मुलाखत ट्रेनिंगमध्ये घालायची नाही. असं मॉडेल न पाहिलेल्या चेहऱ्यावरही चालतं. आणि तिचा चेहरा न पाहिलेलं मॉडेल उद्या कुणाच्या हाती पडलं तरी त्यातून ती बाहेर येणार नाही.

पहिल्या फेरीत तिन्ही गुणक १० ठेवले. मध्येच थांबून आकडे पाहिले तर, उदाहरणादाखल, `L_id` ०.४०, `L_rec` ०.०४ आणि `L_perc` ०.२५ आहेत असं धरू. गुणाकार करा : ४.०, ०.४ आणि २.५. गुणक सारखे असूनही बेरजेत आकलनाचा वाटा पुनर्रचनेच्या सहापट आहे. खरी ओढ आकड्याने ठरत नाही, त्याच्या उताराने ठरते, हे मान्य. पण पहिला अंदाज घ्यायला हा गुणाकार पुरतो. या फेरीचं चित्र सुंदर दिसेल, आणि गोंदण कपाळावर स्पष्ट असेल. साक्षीदाराशी साम्य `m` च्या वर राहील.

मग साहजिक वाटतं, ओळखीचा गुणक ३० करू. आता तोच ०.४० चा लॉस १२.० होतो, म्हणजे बेरजेचा सुमारे ८० टक्के. साम्य झपाट्याने खाली येतं. पण ओठ प, म वर मिटत नाहीत, नजर एकाच जागी खिळते, आणि मारहाणीबद्दल सांगताना बाईचा चेहरा कोरा राहतो. ज्यासाठी धूसर चौकोन सोडला तेच हरवलं. गोंदण मात्र अजूनही आहे, कारण ते आर्कफेसच्या नजरेतच फारसं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत ओळखीचा गुणक १२–१५ वर आणायचा, आकलनाचे वरवरचे थर वेगळ्या जोड्यांवरून काढायचे आणि `loss_leak` जोडायचा. त्याचा गुणक आधी लहान ठेवा आणि काही हजार पावलांनंतर वाढवा. सुरुवातीलाच मोठा ठेवला तर मॉडेल चेहरा बिघडवून दूर जायला शिकतं. आता ओठ मिटतात, डोळे हलतात, व्रण पुसट होतो. गोंदण फिकं होतं, पण पूर्ण जाईलच अशी हमी नाही. त्याचा वरचा भाग पुष्कळदा चेहऱ्याच्या चौकटीबाहेर असतो, तिथे कुठलाच लॉस पोचत नाही. म्हणून गोंदण आणि चमकी यांचा बंदोबस्त चित्रणाच्या दिवशीच करावा. पदर भुवयांपर्यंत ओढून घ्यावा, चमकी काढावी किंवा दुसरी घालावी. जे कॅमेऱ्यासमोर आलंच नाही ते गळू शकत नाही.

तपासणीत सरासरी पाहू नका

४० मिनिटं म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने ६०,००० फ्रेम. त्यातल्या ९९.९ टक्के फ्रेम निर्धोक असल्या तरी ६० फ्रेम उरतात, आणि मोबाइलवर चित्र थांबवून पाहणाऱ्याला एक पुरते. वर सांगितलेले सगळे लॉस एकेका चित्राचा विचार करतात, सलग फ्रेमांचा नाही. त्यामुळे मान वळताना किंवा हात तोंडावर गेल्यावर क्षणभर मूळ चेहरा डोकावतो. प्रत्येक फ्रेमचं साक्षीदाराशी साम्य दुसऱ्या ओळखजाळ्यावर काढा, सगळ्यात मोठ्या आकड्यापासून क्रम लावा आणि वरच्या दोनशे फ्रेम डोळ्यांनी पाहा. सीमा ठरवायची ती या जाळ्यावरच्या आकड्यांनी, म्हणजे स्वयंसेवकांच्या जोड्या त्यावरही मोजाव्या लागतील.

याहून मोठी चूक लॉसच्या बाहेर घडते. पदराआड चेहरा गेला आणि चेहरा शोधणाऱ्या पायरीला तो सापडला नाही, तर बहुतेक साधनं ती फ्रेम न बदलता तशीच पुढे पाठवतात. म्हणजे मूळ चेहरा, तोही स्वच्छ. साधनाची ही सवय आधी बदला : चेहरा सापडला नाही तर ती फ्रेम पूर्ण काळी. काळ्या फ्रेम किती आल्या ते मोजा, आणि मगच त्या भागात धूसर करायचं की तो भाग कापायचा हे ठरवा.

माणसांची परीक्षाही हवी. खऱ्या साक्षीदाराचं चित्र तिच्या गावात दाखवून परीक्षा घेता येत नाही, हे उघड आहे. त्याऐवजी त्याच भागातल्या एका स्वयंसेविकेचं चित्रण करा, तेच मॉडेल आणि तेच गुणक वापरा, आणि तिच्या नातेवाइकांना दहा-बारा चित्रफितींत ती सापडते का ते विचारा. नातेवाईक तिला आवाजावरून, हात हलवण्यावरून, घराच्या भिंतीवरून ओळखतील, तेव्हा कळेल की चेहरा हा ओळखीचा एक भाग आहे. आवाज बदलायला हवा, मुलाखतीची जागा तिच्या गावाबाहेरची हवी, हातावरचं गोंदण आणि गळ्यातला दागिना झाकायला हवा. यातलं काहीही कुठल्याही गुणकाने होत नाही.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. चेहरा बदलला होता, एवढं सांगून त्यातून सुटका होईल असं समजू नका. अशा मुलाखतीआधी वकिलाचा सल्ला घ्या. आणि कुठलीही मुलाखत असो, ‘या व्यक्तीच्या सुरक्षिततेसाठी चेहरा बदलला आहे’ ही ओळ पडद्यावर सुरुवातीलाच नव्हे, ती व्यक्ती दिसते तितका वेळ मराठीत ठेवा. न विचारता कुणाचाही चेहरा कुणाला लावायचं काम या साधनांवर करू नका.

काम संपल्यावर मूळ चित्रण कुलूपबंद, संकेतबद्ध डिस्कवर एकाच ठिकाणी ठेवा किंवा साक्षीदाराच्या इच्छेप्रमाणे नष्ट करा. संपादनाच्या संगणकावरच्या तात्पुरत्या फाइली आणि कापून ठेवलेल्या चेहऱ्यांचे फोल्डर त्यात धरा. तयार चित्रफीत आधी तिला एकटीला दाखवा. तिने नको म्हटलं, तर आकडे कितीही चांगले असले तरी ती बाहेर काढू नका.